बीटातलं कर्ज बाजूला काढा, मग तुलना करा

मागच्या भागात आपण बीटा म्हणजे काय ते पाहिलं. बाजार एक टक्का हलला की शेअर सरासरी किती हलतो, तो आकडा. त्यावर बऱ्याच जणांनी एकच प्रश्न विचारला: एखादी हॉटेल कंपनी आयपीओ आणतेय, तिचा शेअर अजून बाजारात नाही, मग बीटा आणायचा कुठून? सोपं उत्तर वाटतं की लिस्टेड हॉटेल कंपन्यांच्या बीटांची सरासरी काढा. पण ती सरासरी फसवी असते, कारण प्रत्येकीच्या डोक्यावर वेगळं कर्ज असतं.

समजा दोन हॉटेलं, दोघांचा धंद्यातला नफा १०० रुपये. एकावर कर्जच नाही, दुसरं ६० रुपये व्याज भरतं. पर्यटक आटले आणि दोघांचा नफा ७० वर आला. पहिल्याच्या मालकाचे १०० चे ७० झाले, म्हणजे ३० टक्के घट. दुसऱ्याच्या हातात आधी ४० राहायचे, आता १० उरले. घट ७५ टक्के! धंदा तोच, मंदी तीच, पण कर्जवाल्याचा शेअर जास्त उसळतो आणि जास्त आपटतोही. म्हणजे बाजारात दिसणाऱ्या बीटात धंद्याची जोखीम आणि कर्जाची जोखीम एकत्र कालवलेली असते.

ती वेगळी करायला रॉबर्ट हमाडा यांच्या १९७२ च्या पेपरमधलं सूत्र वापरतात. ऐकून लक्षात राहणार नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो:

```
unlevered = levered / (1 + (1 - tax) * D/E)
levered   = unlevered * (1 + (1 - tax) * D/E)
```

D म्हणजे कर्ज. E म्हणजे मार्केट कॅप, बॅलन्स शीटमधली नेटवर्थ नाही. इथेच बरेच जण घसरतात.

आता काल्पनिक आकडे घेऊ, टॅक्स २५ टक्के धरू. कंपनी क: बीटा ०.८६, D/E ०.१. कंपनी ख: बीटा १.२५, D/E ०.८. कंपनी ग: बीटा १.१७, D/E ०.५. वरवर तिघी वेगळ्या दिसतात आणि सरासरी १.०९ येते. पहिलं सूत्र लावलं की ०.८०, ०.७८ आणि ०.८५. बघा, किती जवळ आल्या! मधला आकडा ०.८० घेऊ. हा झाला हॉटेल धंद्याचा कर्जविरहित बीटा.

आता आपल्या आयपीओवाल्या कंपनीचं कर्ज त्यावर चढवायचं. प्राइस बँडवरून मार्केट कॅप काढली आणि D/E १.५ आला, तर ०.८० गुणिले २.१२५, म्हणजे १.७०. सुरक्षित परतावा ७ टक्के आणि बाजाराचा जादा परतावा ६ टक्के धरला, तर शेअरहोल्डरने १७.२ टक्के मागायला हवेत. नुसत्या सरासरीने १३.५ च आले असते. दरवर्षी कायम १०० रुपये मिळणार असतील, तर त्यांची आजची किंमत १३.५ ने ७४० रुपये आणि १७.२ ने ५८० रुपये. फरक थेट खिशातला आहे.

पण थांबा, प्रॉस्पेक्टसमध्ये आयपीओचे पैसे कशासाठी वापरणार ते लिहिलेलं असतं. त्यातून कर्ज फेडणार असतील तर D/E फेडल्यानंतरचा घ्या. तो ०.८ वर आला तर बीटा १.२८ होतो आणि मागणी १४.७ टक्क्यांवर येते.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो काळाचा. बीटा साधारण दोन ते पाच वर्षांच्या भावांवरून काढलेला असतो, आणि आपण D/E आजचा घेतो. समजा ग ने गेल्याच महिन्यात बरंच कर्ज फेडलं आणि आज तिचा D/E ०.१ आहे. सूत्र १.०९ देईल. बाकीच्या दोघी ०.८० च्या आसपास असताना एकटीच अशी बाहेर पडली, की आधी तिच्या जुन्या बॅलन्स शीट्स उघडा. बीटाच्या काळातला सरासरी D/E घातला की ती बहुतेक रांगेत येते. नाहीच आली, तर तिचा धंदाच वेगळा असू शकतो. हॉटेलसोबत बांधकामही करत असेल.

हॉटेलांत भाडेकराराचंही बघा. एप्रिल २०१९ पासून इंड एएस ११६ मुळे भाड्याची बहुतेक देणी बॅलन्स शीटवर येतात. काही साइट्स ती कर्जात धरतात, काही नाही. काहीही करा, पण सगळ्या कंपन्यांना एकच नियम लावा.

आणि हे सूत्र कर्जाचा बीटा शून्य धरतं, म्हणजे मंदीचा सगळा मार शेअरहोल्डरच खातो असं मानतं. D/E १.५ असताना हे पूर्ण खरं नसतं, थोडी जोखीम बँकेकडेही जाते. म्हणून १.७० हा आकडा मी वरची मर्यादा म्हणून वापरतो. बँका आणि एनबीएफसींना मात्र हे सूत्र लावूच नका. त्यांच्यासाठी कर्ज हा कच्चा माल आहे, तो बाजूला काढला तर मागे धंदाच उरत नाही.