नाव चोरलं म्हणू नका, कार्ड चोरतात म्हणा

टेबललँडच्या वाटेवर माझ्या मावसबहिणीच्या पाच खोल्या आहेत. मे महिन्यात एक कुटुंब सामानासकट दारात उभं राहिलं. पैसे भरले होते, पण तिच्याकडे नोंद नव्हती. त्यांनी मोबाईल दाखवला. नाव तिचंच, फोटो तिच्याच व्हरांड्याचे, फक्त वेबसाइटच्या पत्त्यात नावापुढे `-booking` जोडलेलं.

आधी त्या माणसांना १९३० वर फोन करायला लावला, कारण पैसे अडवायचे तर तासातासाला किंमत असते. मग `lookup.icann.org` वर तो पत्ता घातला. मालकाचं नाव झाकलेलं होतं, ते बहुधा असतंच. पण दोन गोष्टी मिळाल्या: ज्या कंपनीकडे नाव नोंदवलं त्या रजिस्ट्रारचा तक्रारीचा ईमेल, आणि नोंदणीची तारीख. नाव अवघ्या नऊ दिवसांचं होतं.

रजिस्ट्रारला तिचं पहिलं पत्र कळवळून लिहिलेलं होतं. इतक्या वर्षांचं आमचं नाव, ते कुणीतरी पळवलं. उत्तर आलं की नावाच्या वादात आम्ही पडत नाही, कोर्टात जा. ते उत्तर तिला फार लागलं. हक्क तिचाच होता. वेबसाइटच्या नावालाही व्यापारी नावासारखं संरक्षण मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितलं आहे. पण खरं नाव कुणाचं, हा निवाडा रजिस्ट्रार करत नाही. त्याच्यावर बंधन आहे ते वेगळं. ५ एप्रिल २०२४ पासून आयकॅनच्या करारानुसार, फिशिंगचा कारवाईजोगा पुरावा हाती आला की त्याला ते थांबवण्यासाठी पाऊल उचलावंच लागतं. हा करार `.com` सारख्या नावांना लागू आहे. `.in` ची व्यवस्था निक्सीकडे असते.

म्हणून दुसरं पत्र आम्ही दोघांनी बसून लिहिलं. पहिलंच वाक्य: 'हे पान आमच्या नावाने ग्राहकांचा कार्ड नंबर आणि ओटीपी घेतं.' खाली त्या पानाचा पूर्ण पत्ता, आमची खरी वेबसाइट, नोंदणीची तारीख, आणि पत्त्याची पट्टी दिसेल असे स्क्रीनशॉट, भारतीय वेळेसह. एक गोष्ट मात्र ऐन वेळी लक्षात आली. घरच्या कॉम्प्युटरवर ते पान कोरं दिसत होतं! जाहिरातीवरून मोबाईलने गेलं तरच फॉर्म उघडत होता. तपासणाऱ्याने कॉम्प्युटरवर पाहिलं असतं तर तक्रार खोटी ठरली असती. म्हणून कुठल्या जाहिरातीवरून, कुठल्या फोनवर, काय केल्यावर फॉर्म येतो, ते पायरीपायरीने लिहिलं.

तिसऱ्या दिवशी त्या नावापुढे `client hold` लागलं. काही फोनवर ते पान आणखी थोडा वेळ दिसलं, मग उघडेना. त्या कुटुंबाला बहिणीने पहिल्या रात्रीपुरती आपली खोली दिली होती.

जूनमध्ये नवं नाव उगवलं. पत्र जपून ठेवलेलं होतं. पत्ता, वेळ आणि स्क्रीनशॉट बदलून तिने ते त्याच संध्याकाळी पाठवलं.