वादळाच्या नकाशावरचा रुंदावत जाणारा पट्टा



समुद्रात वादळ उठलं की आपल्या सगळ्यांच्या फोनवर एक नकाशा येतो. समुद्रात एक टिंब, तिथून किनाऱ्याकडे निघालेली रेघ, आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना रंगवलेला पट्टा. हा पट्टा वादळापाशी चिंचोळा असतो आणि पुढे भोंग्यासारखा रुंद होत जातो. तो पाहून दोन गोष्टी नेहमी ऐकू येतात. एक, ‘बघा, वादळ मोठं मोठं होत चाललंय.’ दुसरी, ‘आपलं गाव पट्ट्याच्या बाहेर आहे, आपल्याला काही नाही.’ या दोन्ही समजुती चुकीच्या आहेत, आणि दुसरी तर धोक्याची आहे. म्हणून आज आम्ही फक्त या पट्ट्याबद्दल बोलणार आहोत.

आधी हा पट्टा कसा काढतात ते पाहू. हवामान खातं सांगतं की चोवीस तासांनी वादळाचा मध्य अमुक ठिकाणी असेल. वादळ सरल्यावर तो खरा कुठे होता हे कळतं. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे त्या अंदाजाची चूक. अशा मागच्या काही वर्षांच्या चुका नोंदवून ठेवलेल्या असतात.

समजा, मागच्या नऊ वादळांत चोवीस तासांच्या अंदाजाची चूक किलोमीटरमध्ये अशी होती: ३०, ४०, ५५, ६०, ७०, ८०, ११०, १४० आणि २००. हे आकडे आम्ही समजण्यापुरते घेतले आहेत. यातल्या सहा चुका ८० किलोमीटरच्या आत आहेत, तीन बाहेर. मग चोवीस तासांच्या टिंबाभोवती ८० किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढायचं. अठ्ठेचाळीस तासांच्या चुका याहून मोठ्या असतात, म्हणून त्या टिंबाभोवतीचं वर्तुळ मोठं. बहात्तर तासांचं आणखी मोठं. ही सगळी वर्तुळं बाहेरून एका रेघेने जोडली की आपला पट्टा तयार.

आता कळलं ना, पट्टा का रुंदावतो? वादळ फुगत नाही, आपली खात्री कमी होत जाते. वादळाला वरच्या थरांतले वारे ढकलत नेतात. आज त्या वाऱ्यांच्या मापात थोडा फरक राहिला, तर उद्यापर्यंत वादळाची जागा थोडी चुकते आणि परवापर्यंत बरीच. वादळ लहान असलं तरी पट्टा रुंद असू शकतो, आणि मोठ्या वादळाचा पट्टाही किनारा जवळ आल्यावर अरुंद असतो.

पट्ट्याच्या बाहेर काय, हे आता पाहू. अमेरिकेचं वादळ केंद्र ही वर्तुळं अशी काढतं की मागच्या पाच वर्षांतल्या तीनपैकी दोन चुका आत बसतील. म्हणजे तीनात एकदा वादळाचा मध्यच वर्तुळाबाहेर जाऊ शकतो. आपल्या हवामान खात्याचा पट्टाही मागच्या अंदाजांच्या सरासरी चुकीवरूनच काढतात. तेव्हा पट्ट्याची कड म्हणजे कुंपण नव्हे.

शिवाय हा पट्टा सांगतो तो फक्त वादळाच्या मध्याबद्दल. वारा, पाऊस आणि समुद्राचं आत येणारं पाणी मध्यापासून कितीतरी दूरपर्यंत पोहोचतं. मध्य पट्ट्याच्या आतून गेला, अगदी रेघेवरून गेला, तरी बाहेरच्या गावाचं छप्पर उडू शकतं.

हे आपण निसर्ग वादळात पाहिलं आहे. १ जून २०२० ला हवामान खात्याने सांगितलं की ३ जूनच्या संध्याकाळी किंवा रात्री वादळ हरिहरेश्वर ते दमण यांच्या दरम्यान किनारा ओलांडेल. नकाशावरचा पट्टा जे दाखवतो, तेच हे शब्दांत सांगणं. हरिहरेश्वर ते दमण हे अंतर सरळ रेषेत अडीचशे किलोमीटरांहून जास्त आहे. त्याच्या मधल्या भागात मुंबई आणि वसई येतात, आणि बहुतेकांचं लक्ष मुंबईकडे लागलं होतं.

पुढच्या अंदाजांत ही जागा आक्रसत अलिबागजवळ आली. प्रत्यक्षात ३ जूनला दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं, म्हणजे आधी सांगितलेल्या भागाच्या दक्षिण टोकाजवळ आणि काही तास लवकर. अंदाज चुकला का? नाही. जागा सांगितलेल्या भागातच होती. फक्त ती मध्यावर नव्हती, कडेला होती. ज्यांनी मधली रेघ तेवढी पाहिली, त्यांना ते वादळ दुसऱ्याच्या गावाचं वाटलं असणार.

आणि नुकसान कुठे झालं? मुरूड आणि श्रीवर्धनच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. त्याखाली मंडणगड आणि दापोली तालुक्यांतही घरं आणि बागा पडल्या. दापोली तर हरिहरेश्वरच्या दक्षिणेला, त्या सांगितलेल्या भागाच्या बाहेर. याचं कारण असं, की आपल्याकडच्या वादळात ते ज्या दिशेने चाललंय तिकडे तोंड करून उभं राहिलं, तर उजव्या हाताला वारा जास्त जोराचा असतो. फिरणाऱ्या वाऱ्याच्या वेगात वादळाच्या चालीचा वेग मिळतो. निसर्ग ईशान्येकडे चाललं होतं, त्यामुळे उजवा हात दक्षिणेकडच्या या गावांवर आला.

मग नकाशा हातात आला की काय करायचं?

पहिलं, तो कधीचा आहे ते पाहायचं. वादळ तयार झाल्यावर हवामान खातं दर तीन तासांनी नवी माहिती देतं. फोनवर फिरत आलेला नकाशा कालचा असू शकतो. टिंबांजवळ 03/06 असं लिहिलेलं दिसलं तर ते तीन जून नव्हे. ती तीन तारीख आणि सहाचा तास आहे, आणि तो तासही आपल्या घड्याळाचा नाही. नकाशाच्या कोपऱ्यात UTC लिहिलेलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवायचे. म्हणजे 03/06 हे तीन तारखेचे सकाळचे साडेअकरा झाले. हा हिशेब चुकला तर होडी वर ओढायला नि गुरं सोडायला आपल्याकडे किती वेळ आहे, हेच चुकतं.

दुसरं, मधली रेघ बोटाने झाकायची आणि पट्टाच पाहायचा. आपलं गाव पट्ट्यात कुठेही असलं, तरी ते वादळ आपलंच समजायचं.

तिसरं, नवा नकाशा जुन्याशेजारी ठेवायचा. किनारा जसा जवळ येतो तसा आपल्यापाशी पट्टा अरुंद व्हायला हवा. त्याबरोबर तो कुठे सरकतोय ते बघायचं. सलग दोन-तीन नकाशांत तो आपल्याकडेच सरकत असेल, तर चौथ्याची वाट पाहण्यात अर्थ नाही.

चौथं, गाव पट्ट्याच्या बाहेर असलं तरी जिल्ह्याचा इशारा ऐकायचा. वारा किती, पाऊस किती, पाणी किती चढेल हे पट्ट्यात नसतं, ते इशाऱ्यात वेगळं सांगितलेलं असतं. पत्रे बांधायचे की नाही, कच्च्या घरातून शाळेच्या इमारतीत कधी जायचं, हे त्यावर ठरवायचं.

आपल्या किनाऱ्याला वादळाची भीती मुख्यतः पावसाळ्याच्या तोंडावर मे-जूनमध्ये, आणि पाऊस सरल्यावर ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये असते. पुढचा नकाशा येईल तेव्हा घरात ज्यांना तो वाचता येत नाही, त्यांना पट्ट्यावर बोट ठेवून सांगा, ‘वादळ एवढं मोठं नाही, ते यातून कुठूनही येऊ शकतं, आणि कधी कधी याच्या बाहेरूनही.’