थांबाल ना?

तुमच्यापैकी काहीजण आता माहिती अधिकाराची कार्यशाळा स्वतः घेणार आहात. तेव्हा वेळ कमी पडणारच. सगळ्यांचे अर्ज लिहून होत नाहीत आणि आपण पाचला पाच मिनिटं असताना विचारतो, "अर्धा तास थांबाल ना?" सगळे गप्प. आपण धरून चालतो की होकार आला.

इथे चामोर्शीत डिसेंबरात सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो. म्हणजे तो अर्धा तास उजेडातला शेवटचा. घोटकडे जाणाऱ्याला जंगलातून दुचाकी न्यायची असते आणि वाघाची भीती काही खोटी नाही. कुणाची शेवटची गाडी असते, कुणाला मगरिबची नमाज गाठायची असते, एखादीला न्यायला आलेला भाऊ फाटकाशी उभा असतो. हे चारचौघांत हात वर करून कोण सांगणार? मे महिन्यात हाच अर्धा तास सहज मिळतो.

म्हणून मी साडेचारच्या आधीच विचारतो. त्याआधी सभागृहाची किल्ली सांभाळणाऱ्यांना विचारून घेतो, कारण तेही घरीच जाणार असतात. मग सांगतो, "पाच ते साडेपाच फक्त तुमचे अर्ज तपासू. नवीन काही शिकवणार नाही." आणि कोऱ्या चिठ्ठ्या वाटतो. नाव लिहायचं नाही, तीनपैकी एकच लिहायचं: थांबतो, जातो, घरी विचारून सांगतो. तिसरा पर्याय मुलींसाठी फार लागतो. फोन करायला पाच मिनिटं द्या.

समजा चोवीस चिठ्ठ्यांत सतरा थांबणारे, पाच जाणारे, दोन विचारणारे निघाले. इथे बहुमत चालत नाही. सतरा जणांनी पाच जणांची संध्याकाळ ठरवायची नसते. पाचच्या आत त्या पाचांचं काम पुरं व्हायला हवं. अर्जात एकच विषय आहे ना, मजकूर दीडशे शब्दांत बसतो ना, जन माहिती अधिकाऱ्याचं कार्यालय बरोबर लिहिलंय ना, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलंय ना, एवढं आधी त्यांचं बघा. त्यासाठी पावणेपाचला विचारा, "पाचला निघणारे आधी अर्ज आणा." तेव्हा कुणी दचकत नाही.

हजेरीची सही, प्रमाणपत्र आणि प्रवासखर्च पाचच्या आतच द्या. प्रवासखर्च साडेपाचला मिळणार असेल, तर चिठ्ठीवरचा "थांबतो" खरा आहे की नाही, तुम्हाला कळणारच नाही. ग्रुप फोटोही तेव्हाच. (फोटोसाठी लोक चिडतात, हे मी गमतीने सांगत नाही.)

निम्म्याहून जास्त जाणार असतील तर वाढवूच नका. उरलेले अर्ज घरून लिहून आणायला सांगा, दुसरा दिवस ठरवा. आणि वाढवलंत, तर साडेपाचला एखादा अर्ज अर्धा राहिला तरी दार उघडा.