न लिहिलेला शब्द

जैनथ निजामी राज्यात होते तेव्हा हैदराबादेत इब्न हजर (मृत्यू 1449) यांचा रावींचा, म्हणजे हदीस सांगणाऱ्यांचा, चरित्रकोश छापला गेला. बुखारींच्या संग्रहावरचे 'फतहुल बारी' हे भाष्यही त्यांचेच.

पहिल्या हदीसचा आशय असा, की कर्मे हेतूवरच अवलंबून असतात. तिथला 'इन्नमा' म्हणजे आपला 'च'. भाष्यकार रावी तपासतो: उमर, अल्कमा, मुहम्मद, यह्या अशी एकेरी साखळी, यह्यांनंतर मात्र सांगणारे पुष्कळ. मग कायदा: हेतूवाचून वुजू होतो का? शाफई नाही म्हणतात, हनफी हो म्हणतात. कारण हेतूवर अवलंबून काय, वैधता की पुण्य, हे मूळ वाक्यात लिहिलेलेच नाही. अनुवादात मी 'वैधता' घातले होते. भाष्य वाचून ते खोडले. एका शब्दाने मी एका पक्षाचा निकाल दिला होता.