पानशेत एक वर्ष थांबलं असतं तर



१२ जुलै १९६१, बुधवार. त्या सकाळी पानशेतचं धरण फुटलं, दुपारी खडकवासल्याचं जुनं दगडी धरणही गेलं आणि मुठेकाठचं पुणं पाण्याखाली गेलं. आज मी इतिहासातली एकच गोष्ट बदलून पाहणार आहे. पानशेतचं काम मूळ आखणीप्रमाणे १९६२ मध्ये पुरं व्हायचं होतं, ते एक वर्ष अलीकडे ओढलं गेलं. समजा, ते ओढलं गेलं नसतं.

धरण मातीचं होतं. त्याच्या पोटातून पाणी सोडण्याची मोरी बांधलेली होती, पण तिच्या काँक्रीटच्या कमानीत लोखंडी सळ्या नव्हत्या आणि दरवाजाही पुरता बसलेला नव्हता. अर्धवट लोंबणाऱ्या दरवाजाखालून पाणी धडका देत सुटलं, मोरी हादरली, तिच्यावरची माती खचू लागली आणि धरणाचा माथा पाण्याच्या पातळीकडे उतरत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. त्यामुळे धरण उजाडेपर्यंत टिकलं आणि लोकांना दिवसाउजेडी पळता आलं. आणखी एक उन्हाळा मिळाला असता, तर दरवाजा नीट बसला असता आणि मोरी तपासायला वेळ मिळाला असता. सळ्यांचा दोष मात्र आपोआप गेला नसता. कुणीतरी तो पाहून दुरुस्त केला असता, असं माझ्या कल्पनेत मी गृहीत धरतो.

आता नदीकाठच्या नारायण पेठेतलं एक कुटुंब घ्या. कल्पनेतलं, पण तशी शेकडो होती. वाड्यात भाड्याच्या दोन खोल्या, छापखान्यात नोकरी, घरात आजी आणि चार मुलं, पाणी चौकातल्या सामाईक नळाचं. खरोखरीच्या पुण्यात या घराचं काय झालं? वाड्याचं जोतं दगडी, सांगाडा सागवानी, पण वरच्या भिंती पांढऱ्या मातीच्या. त्या पाण्यात विरघळल्या. पूर ओसरल्यावर कमरेएवढ्या गाळातून लोखंडी ट्रंक निघाली, तर तिच्यातले शाळेचे दाखले, रेशनकार्ड आणि लग्नाचा शालू यांचा एकच लगदा झालेला. मग शाळेत मुक्काम, मग अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये, आणि पुढे लोकमान्यनगर, गोखलेनगर किंवा पर्वतीपायथ्याच्या सहकारनगरकडे.

धरण टिकलं असतं, तर हे कुटुंब त्या वाड्यातच राहिलं असतं. किती काळ? इथे स्वप्नरंजन नको. भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली होती. मालकाला दुरुस्ती परवडत नव्हती आणि भाडेकरूला सोडणं परवडत नव्हतं. वाडे पडायचेच होते, पण एका दुपारी नव्हे, वीस-तीस वर्षांत, एकेका पावसाळ्यात एकेक भिंत. तोवर थोरल्या मुलाला नोकरी लागून त्याने स्वतःच्या हिशेबाने, स्वतः निवडलेल्या ठिकाणी खोली घेतली असती. आजी शेवटपर्यंत ओंकारेश्वराला चालत गेली असती. पर्वतीपायथा तेव्हा गावाबाहेर होता, तिथून तिला रोजचं देऊळ जमणारं नव्हतं.

आजीच्या सुनेची बाजू मात्र उलटी. नव्या वस्तीत, उशिरा का होईना, तिला स्वतःचा नळ आणि दाराआड संडास मिळाला. वाड्यात चौकातल्या नळावरची रांग तिने आणखी पंधरा वर्षं लावली असती. हे मी लपवणार नाही, कारण माझ्या कल्पनेतल्या पुण्याची किंमत तीच मोजते.

यावरून कुणी म्हणतं, पूर आला म्हणून पुणं वाढलं. मला हे पटत नाही. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ मध्येच स्थापन झाली होती, खडकीला किर्लोस्करांचा इंजिनांचा कारखाना त्याआधीपासून. माणसं येतच होती आणि गाव पसरणारच होतं. सुनेला नळ देण्यासाठी पुराची गरज नव्हती, महापालिकेची होती. आणि या हिशेबात, जी माणसं त्या दिवशी वाहून गेली त्यांची घरं कुठे मांडायची?

सगळ्यांत मोठा फरक पाण्यात दिसला असता. खडकवासला गेल्याने शहराचे नळ कोरडे पडले. धरणफुटीच्या दुसऱ्या दिवशी लोक हंडे-कळश्या घेऊन विहिरींवर आणि कात्रजच्या पाण्यावर चालणाऱ्या पेशवेकालीन हौदांवर आले. कल्पनेतल्या पुण्यात ते हौद विस्मरणात गेले असते. पानशेतचं पाणी १९६३च्या उन्हाळ्यातच कालव्यांतून पुढे गेलं असतं. खरं पानशेत पुन्हा उभं राहायला १९७० नंतरची वर्षं उजाडली. म्हणजे कालव्याखालच्या शेतकऱ्यांची जवळजवळ दहा वर्षं गेली. त्यांच्या दारात पूर आला नव्हता, म्हणून पूरग्रस्तांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं.