सापशिडीचा डाव किती दानांचा?

मे महिन्याच्या सुटीत ठाण्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी सापशिडीचे पट निघतात, आणि आईची हाक येते, "डाव संपला का?" तो किती दानांत संपेल, हे गणिताने सांगता येतं.

आधी साप आणि शिड्या पुसून टाका. उरली नुसती शंभर घरं. शंभरावर नेमकं दान पडलं तरच सुटका, जास्त पडलं तर सोंगटी जागेवरच. आता 99 वर एकच हवा, 98 वर दोनच, 94 वर सहाच. म्हणजे या सहा घरांपैकी कुठेही असा, सुटकेचं दान सहांत एकच. दुसरं दान पडलं तर पुढे सरका किंवा थांबा, संधी तेवढीच राहते. म्हणून तिथून सरासरी सहा दानं लागतात. तिथवर पोचायला सरासरी सत्तावीस. अख्खा रिकामा पट झाला साधारण तेहतीस दानांचा.

आता 98 वर साप ठेवू. समजा, त्याच्या शेपटीपासून घरी पोचायला सरासरी 30 दानं लागतात. सोंगटी 97 वर आहे. एक पडला तर साप, म्हणजे 30 बाकी. दोन पडले तर 99, तिथून 6. तीन पडले तर सुटका. चार, पाच, सहा पडले तर तिथेच. 97 पासूनच्या सरासरीला 'क्ष' म्हणा. क्ष म्हणजे हे एक दान, अधिक पुढच्या सहा शक्यतांची सरासरी. सोडवलं की क्ष येतो 14. सहाचे चौदा झाले, एका सापामुळे!

पण ते 30 आले कुठून? शेपटीपासून वर येताना सोंगटी पुन्हा 97 वर येऊ शकते, म्हणजे 30 हा आकडा क्षवर अवलंबून आणि क्ष त्याच्यावर. म्हणून प्रत्येक घराचं एक समीकरण मांडून सगळी एकदम सोडवावी लागतात. हे जमतं, कारण सोंगटी आज कुठे आहे एवढंच पुरतं. ती तिथे कशी आली याची फाशाला आठवण नसते. अशा साखळीचा अभ्यास रशियन गणिती आंद्रेई मार्कोव्ह यांनी 1906 मध्ये सुरू केला, म्हणून ती मार्कोव्ह साखळी.

अमेरिकेत खपणाऱ्या एका प्रसिद्ध पटाचा असा हिशेब झालाय. एकट्या खेळाडूला तिथे सरासरी चाळिसाच्या आसपास दानं लागतात. त्या पटावर 28 वरून थेट 84 ला नेणारी शिडी आहे. गणितींनी 29 वरून 27 ला उतरवणारा एक साप वाढवून पाहिला. डाव लांबला नाही, आखूड झाला! शिडी हुकलेल्याला त्या सापाने ती पकडायची आणखी एक संधी दिली.

एक लक्षात ठेवा. हे आकडे एका सोंगटीचे आहेत. चौघं खेळलात तर पहिला घरी पोचला की डाव संपतो, म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला कमी दानं येतात. पटापटावर साप निराळे असतात, तेव्हा आज मुलांना घेऊन आपल्या घरच्या पटावरच्या 94 ते 99 या घरांची समीकरणं मांडून पाहा.