कर्मसिद्धांत : दोष देण्यासाठी की कर्तव्यासाठी?
(शाळेच्या हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



एखाद्यावर संकट कोसळले की "त्याचे कर्म, दुसरे काय!" हे उद्गार आपल्या कानी पडतात. परंपरेतील कर्मविचाराचा अर्थ एवढाच आहे काय, हा प्रश्न आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

वेदान्ती कर्माचे तीन भाग सांगतात. साठलेले ते संचित, त्यातील ज्याचे फळ मिळू लागले ते प्रारब्ध आणि आज आपल्या हातून घडते ते क्रियमाण. यासाठी बाणाचा दृष्टांत देतात. सुटलेला बाण परत येत नाही, हे प्रारब्ध. भात्यातले बाण म्हणजे संचित, आणि धनुष्यावर चढविलेला बाण म्हणजे क्रियमाण. तो सोडावा की नाही, कोठे सोडावा, हे धनुर्धराच्या हाती असते. लोकमान्य टिळकांनी १९१५ साली प्रसिद्ध झालेल्या 'गीतारहस्या'त कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य यांचा विचार एकाच प्रकरणात केला आहे. या जोडणीतच मर्म आहे. कर्म बांधते हे मानले, तरी पुढचे कर्म करणारा कर्ता उरतोच.

या विचाराची खरी कसोटी रोगराईच्या वेळी लागते. चरकसंहितेच्या विमानस्थानात एक प्रसंग आहे. पांचाल देशातील काम्पिल्य नगराजवळ, गंगेच्या काठी, आत्रेय ऋषी शिष्यांसह फिरत आहेत. ऋतूंची लक्षणे बिघडलेली पाहून ते अग्निवेशाला सांगतात की, भूमीचा कस जाण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. साथ येणार हे दिसल्यावर गुरूच्या तोंडी पहिला शब्द औषधाचा येतो, नशिबाचा नव्हे.

अग्निवेश विचारतो, माणसांच्या प्रकृती, आहार आणि वय निरनिराळे असताना ती एकाच रोगाने एकाच वेळी कशी मरतात? आत्रेय उत्तर देतात की वायू, जल, देश आणि काल या चार गोष्टी सर्वांच्या समाईक आहेत, त्या बिघडल्या की गावेच्या गावे ओस पडतात. त्या का बिघडतात? मुळाशी अधर्म आहे, असे ते म्हणतात. परंतु तो कोणाचा? देशाचे आणि नगराचे प्रमुख प्रथम धर्म सोडून वागतात, मग त्यांचे आश्रित आणि व्यापारी तो वाढवितात, असा क्रम ते सांगतात. म्हणजे अंथरुणाला खिळलेल्या रोग्याकडे बोट दाखवून हा विचार थांबत नाही.

पुढे प्रश्न येतो आयुष्याचा. ते ठरलेलेच असते काय? आत्रेयांच्या मते ते दैव आणि पुरुषकार, म्हणजे मागचे कर्म आणि आजचा प्रयत्न, या दोहोंवर अवलंबून असते. दोहोंपैकी जे बलवान ते दुसऱ्यास मागे सारते. सारेच ठरलेले असते, तर उधळलेल्या घोड्यापासून कोणी दूर पळाले नसते आणि औषधही घेतले नसते. रथाचा आस चांगला असला तर बेताच्या भाराने आपल्या काळापर्यंत टिकतो, पण अतिभाराने किंवा खडबडीत वाटेने तो अकाली मोडतो. मोडलेला आस पाहून लाकूडच वाईट होते असे म्हणणारा वाटेकडे पाहावयास विसरतो.

आता हा विचार आपल्या इतिहासास लावून पाहू. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले यांनाच लागण झाली आणि १० मार्च रोजी त्यांचे निधन झाले. मृत्यूवरून पाप ताडावयाचे, तर या मृत्यूवरून काय ताडणार? पुढच्याच वर्षी प्लेग आपल्या बेंगळुरूत आला. दाट वस्तीच्या पेठांतून तो पसरला. त्यानंतर मल्लेश्वरम आणि बसवनगुडी या मोकळ्या वसाहतींकडे लोकवस्ती वाढत गेली. चरकाच्या भाषेत बोलावयाचे, तर 'देश' सुधारणे हाच तो पुरुषकार होता.

अमुक पापाने अमुक रोग होतो, अशी कोष्टके मांडणारे ग्रंथही आपल्या परंपरेत आहेत, हे लपवून चालणार नाही. जन्मावरून माणसाला हीन ठरविण्यासाठीही हाच शब्द वापरला गेला. पण कर्माची गती गहन आहे असे गीताच सांगते. जी गती गहन, तिचा हिशेब शेजाऱ्याच्या दुःखावरून मांडण्याचा अधिकार आपल्याला कोठून आला?

म्हणून एक साधी खूण सांगतो. कर्माचा विचार 'आता मी काय करावे' या प्रश्नाकडे नेत असेल, तर तो योग्य वाटेने चालला आहे. 'याने काय केले असेल' या प्रश्नाकडे तो वळला, की वाट चुकली असे समजावे. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याला त्याचे संचित ठाऊक नसते, परंतु पाण्याचा पेला त्याच्या हाताशी असतो. तो पुढे करणे हे त्याचे क्रियमाण.